मोठा क्लेम, कापून आलेला पैसा: सीडंटला रिइन्स्टेटमेंट प्रीमियम समजावणारी नोट, जरा वाचून सांगाल का?

पागोळी

नमस्कार मंडळी. मी एका रिइन्शुररकडे, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीत, ट्रीटी अकाउंट्सला आहे; ट्रीटी म्हणजे तो करार. सध्या एका सीडंटच्या, म्हणजे आमच्याकडे जोखीम सोपवणाऱ्या विमा कंपनीच्या, फायनान्सवाल्यांशी मेलामेली चालू आहे आणि मधल्यामध्ये ब्रोकर भरडला जातोय. साहेब म्हणाले, फोनवर वाद घालत बसू नका, सरळ एक नोट पाठवा. नोट इंग्रजीतच जाईल, पण मुद्दे आधी मराठीत लिहून काढले की कुठे लटपटतंय ते मला लगेच दिसतं. इथे इन्शुरन्समधले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय. कुणाचं नाव घेत नाही आणि आकडेही सोपे करून घेतलेत.

प्रकरण असं. प्रॉपर्टीचा कॅट एक्सएल, म्हणजे मोठ्या आपत्तीत ठरावीक रकमेच्या वरचं नुकसान उचलणारा करार, १ एप्रिल ते ३१ मार्च. लेअर २० कोटींच्या वर ४० कोटींचा, म्हणजे घटनेचे पहिले २० कोटी सीडंट सोसतो, पुढचे ४० कोटींपर्यंत रिइन्शुरर देतात. जीएनपीआयचा, म्हणजे सीडंटच्या या धंद्यातल्या वर्षाच्या निव्वळ प्रीमियमचा, अंदाज ५०० कोटी, रेट १.२ टक्के, म्हणजे अंदाजे प्रीमियम ६ कोटी. त्यातले ८० टक्के, म्हणजे ४.८ कोटी, एमडीपी म्हणून, म्हणजे किमान आणि आगाऊ प्रीमियम म्हणून, हप्त्यांनी आले. स्लिपवर, म्हणजे कराराच्या कागदावर, एक रिइन्स्टेटमेंट आहे, म्हणजे क्लेममध्ये खर्ची पडलेली मर्यादा प्रीमियम घेऊन एकदा पुन्हा भरून मिळते, १०० टक्के दराने, रकमेच्या प्रमाणात. वेळेच्या बाबतीत स्पष्ट लिहिलंय की १०० टक्के, म्हणजे उरलेल्या दिवसांप्रमाणे सूट नाही.

सप्टेंबरअखेर पूर आला. सीडंटचा यूएनएलचा, म्हणजे अंतिम निव्वळ नुकसानीचा, अंदाज ५० कोटी, त्यातले आमच्या लेअरवर ३० कोटी. जानेवारीपर्यंत त्यांनी विमेदारांना ३६ कोटी चुकते केले आणि लेअरकडे १६ कोटी मागितले. ब्रोकरच्या स्टेटमेंटमधून त्यांना दिसले १४.०८ कोटी. तिथून ठिणगी पडली.

त्यांचं म्हणणं तीन पदरी आहे. एक, आम्ही क्लेम मागितला, तुम्ही प्रीमियम कसला कापता. दोन, कापायचाच असेल तर अर्धं वर्ष सरलं होतं, तेव्हा १.९२ कोटी नाही, ९६ लाख कापा. तीन, पावसाळा संपला होता, आम्हाला रिइन्स्टेटमेंट नकोच होतं, आम्ही ते मागितलं कधी?

माझा मसुदा:

"आपल्या १६ कोटींच्या मागणीतून १.९२ कोटी वळते केले आहेत त्याचा खुलासा. पुरामुळे लेअरच्या ४० कोटींच्या मर्यादेतली जेवढी रक्कम खर्ची पडते, तेवढी ट्रीटीप्रमाणे नुकसानीच्या क्षणापासून पुन्हा भरली जाते. या पुनर्भरणाचा प्रीमियम आपण क्लेमच्या प्रत्येक हप्त्यासोबत देता. हिशेब असा: भरलेली रक्कम १६ कोटी, भागिले मर्यादा ४० कोटी, म्हणजे ४० टक्के. त्याला लेअरच्या प्रीमियमने, सध्या ४.८ कोटींच्या एमडीपीने, गुणले की १.९२ कोटी. घटना वर्षाच्या कोणत्या महिन्यात झाली याचा या हिशेबाशी संबंध नाही. पुनर्भरण ऐच्छिक नाही, त्यामुळे ते नाकारता येत नाही."

बरोबर आहे, पण वाचताना नोटीस आल्यासारखं वाटतं. आणि "संबंध नाही" या दोन शब्दांवर ते पुन्हा उसळणार हे मला दिसतंय.

सांगलीची_सई

मला ट्रीटी वगैरे काही कळत नाही, पण हे माझ्याबाबतीतही झालंय म्हणून लिहिते. २०१९ च्या पुरात आमच्या दुकानात पाणी शिरलं होतं. पॉलिसी रिइन्स्टेटमेंट व्हॅल्यूवर घेतलेली, म्हणजे जुन्याच्या जागी नवीन असं एजंटने समजावलेलं. क्लेम नऊ लाखांच्या आसपास पास झाला, पण पत्रात शेवटी रिइन्स्टेटमेंट प्रीमियम म्हणून थोडेसे, हजारभर रुपये, कापलेले. मी विचारलं की नव्या किमतीचे जास्तीचे पैसे हप्त्यात आधीच घेतलेत ना, मग पुन्हा का? कुणी धड उत्तर दिलं नाही. तुमच्या या कंपनीलाही तेच झालंय का?

जुना_ब्रोकर

सईताई, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली. नवीन माल कोणत्या किमतीने धरायचा ती एक गोष्ट. हजार रुपये कापले ते दुसऱ्या कारणासाठी: नऊ लाख दिल्यावर तुमची विमा रक्कम तेवढ्याने कमी व्हायला हवी होती, ती कंपनीने पुन्हा पूर्ण केली आणि नुकसानीच्या तारखेपासून पॉलिसी संपेपर्यंतच्या दिवसांचा, तेवढ्या नऊ लाखांवरचा प्रीमियम क्लेममधून वळता केला. ही अट स्टँडर्ड फायर पॉलिसीत छापलेली असते. कापलेलं बरोबर होतं, सांगायला हवं होतं एवढंच.

पागोळी, पण ताईंच्या या उदाहरणाने तुमचं अर्धं कोडं सुटलंय, बघा. तुमच्या सीडंटचे फायनान्सवाले रोज याच फायर पॉलिसीचे क्लेम सेटल करतात. तिथे पुनर्भरणाचा प्रीमियम उरलेल्या दिवसांवरच लागतो. त्यांच्या हाताला तोच हिशेब बसलाय, म्हणून त्यांनी तोच तुमच्या ट्रीटीला लावला आणि ९६ लाख काढले. ते आडमुठे नाहीत, त्यांच्या घरच्या नियमाने ते बरोबर आहेत. नोटमध्ये हे सरळ मान्य करून टाका: तुम्ही विमेदाराकडून दिवसांच्या प्रमाणात घेता हे आम्हाला माहीत आहे, ट्रीटीत मात्र रकमेच्या प्रमाणात घ्यायचं ठरलंय, आणि हे स्लिपचं अमुक कलम. कलम जसंच्या तसं उतरवा, आपल्या शब्दांत सांगू नका. आपल्या शब्दांत सांगितलं की समोरचा शब्दाशी भांडतो.

बाकी, आरआयपीवर, म्हणजे या रिइन्स्टेटमेंट प्रीमियमवर, आम्हाला सहसा ब्रोकरेज मिळत नाही. म्हणजे या भांडणात ब्रोकर फुकट राबतोय हेही कुणीतरी लक्षात घ्या.

सांगलीची_सई

आत्ता कळलं. इतक्या वर्षांनी. धन्यवाद दादा.

हिशेबनीस

पागोळी ताई, तुम्ही उलट कमी कापलंय. नुकसान ५० कोटींचं आहे हे सीडंटनेच सांगितलंय ना? मग लेअरवर ३० कोटी आलेच. पुनर्भरण नुकसानीच्या क्षणापासून होतं, हे तुम्हीच लिहिलंय. मग ३० भागिले ४०, म्हणजे ७५ टक्के, म्हणजे ३.६ कोटी आरआयपी आत्ताच देय झाला. पहिल्याच हप्त्यातून सगळा वळता करून घ्या, पुढे कटकट नको. मोबाइलच्या रिचार्जसारखं आहे हे, डेटा संपला की पैसे भरायचे आणि पुढे चालू.

जुना_ब्रोकर

हिशेबनीस, अर्धं बरोबर, अर्धं नाही. सीडंटने आपल्या पुस्तकात ३० कोटींची वसुली येणं म्हणून दाखवली असेल तर त्यासोबत ३.६ कोटींचा आरआयपीही देणं म्हणून दाखवायला हवा. ते न करणारे बरेच पाहिलेत: वसुली पूर्ण धरतात आणि आरआयपी मात्र चेक येईल तेव्हा. मग तिमाहीचा निकाल उगाच गुळगुळीत दिसतो आणि पुढच्या तिमाहीत खड्डा पडतो.

पण प्रत्यक्ष पैसे देण्याची वेळ वेगळी. नेहमीच्या कलमाप्रमाणे आरआयपी रिइन्शुररच्या क्लेम पेमेंटसोबत देय होतो, आणि तेवढ्याच प्रमाणात. आत्ता १६ कोटी देताय, तर १६ वर. उरलेल्या १४ कोटींचं काय होईल कुणी पाहिलंय? सर्व्हेअरचे रिपोर्ट यायचेत, सॅल्व्हेज विकायचंय, एखादा मोठा क्लेम अंदाजाच्या निम्म्यावर बसेल. ५० चे ४४ झाले तर लेअरवर २४ येतील. मग आज घेतलेले ३.६ कोटी परत करत बसाल.

आणि रिचार्ज नाही हो. रिचार्ज आपण करतो किंवा करत नाही. इथे तो प्रश्नच येत नाही, करारातच भरलेलं आहे.

हिशेबनीस

देय होण्याची वेळ समजली. पण नाकारता का येत नाही हे अजून पटलं नाही. सीडंट म्हणतोय पावसाळा संपला, उरलेले सहा महिने आम्ही रिस्क घेतो. त्याची मर्जी. १० कोटी उरलेत लेअरमध्ये, त्यात भागवेल.

मेघना_क

मी एका जनरल इन्शुरन्स कंपनीत रिइन्शुरन्स डिपार्टमेंटला होते, म्हणजे सीडंटच्या बाजूला. हे वाक्य मी मीटिंगमध्ये ऐकलंय: "आता काय होणार आहे, पाऊस तर गेला." तेव्हा आमच्या जुन्या जीएमनी फक्त दोन तारखा सांगितल्या होत्या. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. भूज, २६ जानेवारी २००१. कॅट ट्रीटीत भूकंपही असतो, आणि तो हवामान खात्याला विचारून येत नाही. शिवाय पुस्तक फक्त महाराष्ट्राचं नसतं. चेन्नईचा मोठा पूर २०१५ च्या डिसेंबरात आला, मिचाँग चक्रीवादळ २०२३ च्या डिसेंबरात. पूर्व किनाऱ्यावर गोदामं इन्शुअर केली असतील तर पावसाळा संपलाय हे वाक्य मुंबईत बसूनच सुचतं.

पण हिशेबनीस, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच्याही आधीचं आहे. पूर सप्टेंबरअखेर आला, आणि आरआयपीवर वाद जानेवारीत सुरू झाला. मधल्या तीन महिन्यांत दुसरी घटना घडली असती तर सीडंटने पूर्ण ४० कोटींची मर्यादा धरून क्लेम मागितला असता, आणि रिइन्शुररला तो द्यावा लागला असता. काही घडलं नाही हे कळल्यावर "नकोच होतं" म्हणायची सोय ठेवली तर सगळेच मार्चमध्ये तसं म्हणतील. म्हणून पुनर्भरण आपोआप होतं, दोन्ही बाजूंना बांधील.

पागोळी

मेघना, हे तीन महिन्यांचं उदाहरण मी उचलतेय. "ऐच्छिक नाही" यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

टेम्सकाठी

लंडनमधून. मी प्रायसिंगला आहे, थोडा वेगळा कोन मांडतो. वेळेच्या प्रमाणात सूट का नाही, याचं "स्लिपवर लिहिलंय" हे उत्तर कायद्याने पुरेसं आहे, पण सीडंटच्या सीएफओला ते पुरणार नाही. त्याला विचारा, लेअरचा प्रीमियम ठरला कसा?

समजा मॉडेल सांगतंय की या लेअरचा सरासरी दर वर्षी १० टक्के भाग खर्ची पडतो. मग ६ कोटींचा प्रीमियम आणि वर १०० टक्के दराचा आरआयपी, म्हणजे रिइन्शुररच्या हाती सरासरी ६.६ कोटी. रिइन्स्टेटमेंट फुकट मागितलं असतं तर ढोबळमानाने तेवढेच ६.६ कोटी आधी मागितले असते. वेळेची सूट मागितली असती तर मधे कुठेतरी. म्हणजे सीडंटने १ एप्रिलला कमी पैसे दिले आणि त्या बदल्यात नुकसान झालं तर जास्त द्यायचं कबूल केलं. नुकसान झाल्यावर सूट मागणं म्हणजे एकाच गोष्टीची सवलत दोनदा मागणं.

जुना_ब्रोकर

गणित सुंदर आहे. पण टेम्सकाठी, मी स्लिपा फिरवलेल्या माणसाने सांगायचं तर रिन्युअलच्या टेबलावर असा हिशेब मांडून कुणी वेळेची सूट काढत नाही. पूर्वी मरीन आणि इतर काही ट्रीट्यांवर वेळ आणि रक्कम दोन्हींच्या प्रमाणात, असं सर्रास असायचं. प्रॉपर्टी कॅटवर वेळ १०० टक्के ही पद्धत रुळली, कारण आपत्तीची जोखीम वर्षभर सारखी पसरलेली नसते. जुलैत पूर आला तर सीडंटला पावसाळ्याचे अडीच महिने उरतात. फेब्रुवारीत आला तर दोनच महिने, तेही कोरडे. दिवस मोजून न्याय होणार नाही, तर मोजूच नका, असा तो व्यवहार आहे. माझ्या मते तुमच्या ०.६ कोटींचा नेमका ठावठिकाणा प्रीमियममध्ये दाखवता येत नाही.

टेम्सकाठी

दाखवता येतो. मार्केट मऊ असतं, म्हणजे रेट पडलेले असतात, तेव्हा दिसत नाही इतकंच.

जुना_ब्रोकर

मार्केट मऊ असतं तेव्हा सूटही मागितली की मिळते. मग तुमच्या गणिताचं काय?

टेम्सकाठी

मग रेट चुकीचा आहे, गणित नाही. असो, पागोळीच्या धाग्यावर आपलं भांडण नको.

नवाच_आहे

मी इन्शुरन्सची परीक्षा देतोय म्हणून विचारतो. ३० कोटींचं पुनर्भरण झालं. आता मार्चमध्ये दुसरी मोठी घटना झाली आणि लेअर पूर्ण ४० कोटींनी लागला तर काय? पुन्हा पूर्ण ४.८ कोटी आरआयपी? आणि मग तिसऱ्या वेळी पुन्हा ४० कोटी?

जुना_ब्रोकर

इथे बरेच जण घसरतात, त्यामुळे सावकाश बघ. एक रिइन्स्टेटमेंट म्हणजे मूळ ४० आणि भरून मिळणारे ४०, वर्षभरात एकूण ८० कोटी. कोणत्याही एका घटनेला ४० च्या वर नाही. पहिल्या पुराने ३० नेले, ते भरले गेले, म्हणजे मर्यादा पुन्हा ४० झाली. पण भरून द्यायच्या ४० पैकी ३० वापरून झाले, शिल्लक १० राहिले.

मार्चमध्ये ४० गेले तर रिइन्शुरर ते पूर्ण देईल. त्यानंतर पुनर्भरण फक्त १० कोटींचं होईल, आणि आरआयपीही फक्त त्या १० वर: १० भागिले ४०, गुणिले ४.८, म्हणजे १.२ कोटी. पूर्ण ४.८ नाही. तिसरी घटना झालीच तर लेअरमध्ये १० कोटीच आहेत आणि त्यांच्यावर आरआयपी शून्य, कारण भरायला काही उरलेलंच नाही. सगळं मिळून ८० कोटी दिले गेले आणि आरआयपी कधीही एका पूर्ण प्रीमियमच्या वर गेला नाही. ताळा असा करायचा.

दुसऱ्या नुकसानीवर डोळे झाकून पूर्ण आरआयपी लावलेली स्टेटमेंटं मी पाहिली आहेत. सिस्टीमला भागाकार येतो, पण शिल्लक किती ते कुणीतरी तिला सांगावं लागतं.

नवाच_आहे

ताळा लिहून ठेवला. धन्यवाद सर.

मेघना_क

पागोळी, नोटमध्ये एक मोठी गोष्ट राहिलीय, आणि ती नंतर अंगावर येते. तुम्ही ४.८ कोटींवर आरआयपी काढलाय, तो एमडीपी आहे. वर्षअखेर जीएनपीआय पक्का झाला की प्रीमियम बदलणार, आणि त्यासोबत आरआयपीही.

आमच्याकडे हेच झालं होतं. क्लेमचा शेवटचा हप्ता आला, फाइल बंद केली, फायनान्सने वर्ष बंद केलं, आणि सहा-सात महिन्यांनी ॲडजस्टमेंटचं स्टेटमेंट आलं. त्यात प्रीमियमचा फरक होता, त्याची तयारी आम्ही ठेवली होती. त्याच्याखाली आरआयपीचा फरक होता, त्याची कुणीच ठेवली नव्हती. रिइन्शुररच्या पत्रात कुठेही "तात्पुरता" हा शब्द नव्हता. करारात होता, पण करार उघडतो कोण? सीएफओंनी डिपार्टमेंटला उभं आडवं घेतलं.

तुमच्या आकड्यांवर बघा. समजा धंदा वाढला आणि जीएनपीआय ५४० कोटी निघाला. १.२ टक्क्यांनी प्रीमियम ६.४८ कोटी. एमडीपी वजा जाता १.६८ कोटी द्यायचे. लेअरवर अखेर ३० कोटीच आले तर आरआयपी ६.४८ च्या ७५ टक्के, म्हणजे ४.८६ कोटी. तोवर कापलेला ३.६ कोटी. म्हणजे आणखी १.२६ कोटी. दोन्ही मिळून २.९४ कोटींचं बिल, तेही पुराची आठवण पुसट झाल्यावर. आजच्या नोटमध्ये हे लिहिलंत तर पुढच्या वर्षीचं भांडण आजच मिटेल.

आणि दुसरं छोटं. तुमचे सगळे आकडे १०० टक्क्यांचे आहेत. तुमच्या कंपनीचा हिस्सा किती? सीडंटच्या बँकेत येणारी रक्कम त्या आकड्यांशी जुळणारच नाही.

पागोळी

आमचा हिस्सा २० टक्के. बरोबर आहे, त्यांच्या एका मेलमध्ये त्यांनी आमच्या पेमेंटची तुलना थेट १६ कोटींशी केली होती आणि "उरलेले कुठे" असं विचारलं होतं. मी ते रागात लिहिलंय असं समजले, ते खरंच विचारत असावेत.

हिशेबनीस

जीएसटी विसरू नका. आरआयपी हाही प्रीमियमच, त्यामुळे इनव्हॉइस पूर्ण आरआयपीवर निघायला हवं, जरी पैसे क्लेममधून वळते झाले असले तरी. नेट रकमेवर काही लागत नाही म्हणून सोडून देतात आणि ऑडिटला सापडतं.

जुना_ब्रोकर

या वेळी पूर्ण बरोबर.

वारणाकाठ

जरा फाटा फोडतो, पण मूळ मुद्द्याशी जोडलेला आहे. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत पाणी आठवडाभराहून जास्त होतं. पागोळी, तुमच्या या पुरातही पाणी चढलं, उतरलं, पुन्हा चढलं असेल तर ती एक घटना की दोन? कारण दोन धरल्या तर सगळा हिशेब बदलतो.

जुना_ब्रोकर

बदलतो, आणि सीडंटच्या विरोधात बदलू शकतो. किती तासांतलं नुकसान एक घटना धरायचं ते अवर्स क्लॉज सांगतो; पुरासाठी तो बऱ्याचदा १६८ तासांचा असतो, आणि तो कधी सुरू करायचा ते सहसा सीडंट निवडतो. ५० कोटी एकाच खिडकीत बसले तर सीडंट २० कोटी एकदाच सोसतो आणि लेअर ३० देतो. दोन घटना धरल्या, समजा ३० आणि २० अशा, तर पहिलीतून लेअर १० देतो आणि दुसरी २० च्या आतच राहते, तिथे काहीच नाही. आरआयपी कमी लागला म्हणून कुणी आनंद मानू नये, वसुली २० कोटींनी घटली.

वारणाकाठ

पण जे क्लेम १६८ तासांच्या बाहेर पडतात त्यांचं काय? आमच्याकडे पाणी ओसरल्यावर गोदाम उघडलं तेव्हा नुकसान दिसलं. तारीख कोणती लावायची?

जुना_ब्रोकर

ते खरंच अवघड आहे. नुकसान दिसल्याची तारीख चालत नाही, झाल्याची लागते, आणि बंद गोदामात ती कुणी पाहिलेली नसते. पाणी पातळीच्या नोंदी आणि सर्व्हेअरचा अंदाज यांवर ठरतं, आणि दोन रिइन्शुरर दोन उत्तरं देतात. याचं एक पक्कं उत्तर माझ्याकडे नाही.

पागोळी

आमच्या प्रकरणात सगळं चार दिवसांत बसतं, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही. सगळ्यांचं घेऊन नोट पुन्हा लिहिली:

"पुराच्या क्लेमपोटी आपण ३६ कोटी चुकते केले. २० कोटींच्या आपल्या धारणेवरचे १६ कोटी लेअरने द्यायचे आहेत, आणि ते पूर्ण मान्य आहेत. क्लेममध्ये आम्ही काहीही कमी केलेले नाही. आपल्याकडून येणे असलेला पुनर्भरणाचा प्रीमियम १.९२ कोटी त्याच वेळी देय होतो, म्हणून दोन्हींची वजावट होऊन १४.०८ कोटी दिसतात. यातला आमचा २० टक्के हिस्सा: क्लेम ३ कोटी २० लाख, प्रीमियम ३८ लाख ४० हजार, आपल्या खात्यात २ कोटी ८१ लाख ६० हजार. बाकीची रक्कम इतर रिइन्शुररकडून ब्रोकरमार्फत येईल.

आपण विमेदाराच्या पॉलिसीवर पुनर्भरणाचा प्रीमियम उरलेल्या दिवसांवर आकारता. या ट्रीटीत तो फक्त रकमेच्या प्रमाणात ठरलेला आहे. कलम सोबत जसेच्या तसे जोडले आहे. त्यामुळे ९६ लाखांचा हिशेब इथे लागू होत नाही.

पूर आला त्या क्षणापासून आपली ४० कोटींची मर्यादा पुन्हा पूर्ण झाली. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात भूकंप किंवा चक्रीवादळाने दुसरे नुकसान झाले असते तर ते आम्ही याच मर्यादेत दिले असते. म्हणून हे पुनर्भरण मागून घ्यावे लागत नाही आणि नंतर सोडताही येत नाही.

आपल्या अंदाजाप्रमाणे लेअरवर एकूण ३० कोटी आले तर पुढच्या १४ कोटींसोबत आणखी १.६८ कोटी देय होतील. अंदाज खाली आला तर तेही कमी होतील, आणि सॅल्व्हेज येऊन दिलेला क्लेम घटला तर जास्तीचा प्रीमियम परत केला जाईल. हे सर्व आकडे ४.८ कोटींच्या एमडीपीवर असून तात्पुरते आहेत. वर्षाचा जीएनपीआय पक्का झाल्यावर लेअरचा प्रीमियम आणि पुनर्भरणाचा प्रीमियम दोन्ही पुन्हा काढले जातील. जीएनपीआय अंदाजाइतकाच, ५०० कोटी, राहिला तरी ३० कोटींच्या नुकसानीवर आरआयपी ४.५ कोटी होतो. कृपया तेवढी तरतूद ठेवावी."

टेम्सकाठी, तुमचं ६.६ कोटींचं गणित नोटमध्ये घातलं नाही. ते सीएफओंनी विचारलं तर तोंडी सांगेन.

टेम्सकाठी

चालेल. लिहून दिलंत तर पुढच्या रिन्युअलला तुमच्याच अंगावर टाकतील.

मेघना_क

शेवटचा परिच्छेद मस्त. ४.५ कोटींचा आकडा मोठ्या अक्षरात करा, माझ्यावर विश्वास ठेवा.

हिशेबनीस

आरआयपीचा विमा मिळतो म्हणतात, तो घेतला असता तर?

जुना_ब्रोकर

मिळतो, रिइन्स्टेटमेंट प्रीमियम प्रोटेक्शन म्हणून वेगळा करार असतो. पण घटनेच्या आधी घ्यावा लागतो. आणि एक लक्षात ठेव: भरलेला आरआयपी यूएनएलमध्ये मिसळून याच ट्रीटीकडे मागता येत नाही. तसा प्रयत्न करणारे भेटले आहेत.

पागोळी

दोन दिवसांनी अपडेट. नोट गेली. उत्तर आलं: १.९२ कोटी मान्य, ९६ लाखांचा विषय मागे घेतला. १४ कोटींच्या पुढच्या हप्त्यावर वाद नाही. पण सीएफओंनी एक ओळ जोडलीय की १ एप्रिलच्या रिन्युअलला त्यांना वेळेच्या प्रमाणातली सूट स्लिपवर हवी आहे आणि रेट मात्र १.२ टक्केच. आता ते अंडररायटिंगच्या टेबलावर.

जुना_ब्रोकर

टेम्सकाठी, या आता.